ब्रिकेटचा ट्रक गेटवर आल्यावर: ओलावा आणि राख मोजून भाव कसा ठरवायचा

शेतातल्या काडीकचऱ्यापासून केलेल्या ब्रिकेटला आपल्याकडे बाजारात 'पांढरा कोळसा' म्हणतात. सोयाबीनचं कुटार, पऱ्हाटी, तुराट्या, भुईमुगाची टरफलं, उसाचं चिपाड, लाकडाचा भुसा, भाताचं तूस असं काहीही एकट्याने किंवा मिसळून दाबलं की ब्रिकेट होते. दिसायला बहुतेक सारख्याच असतात, म्हणून खरेदी करताना किलोचा भाव विचारला जातो आणि व्यवहार होतो. बॉयलरला मात्र किलो कळत नाही. त्याला कळतो तो जळणारा भाग. एक किलो ब्रिकेटमधून पाणी वजा करा, राख वजा करा, उरेल तेवढ्याचेच पैसे द्यायला हवेत. हे गेटवर कसं तपासायचं, त्यावरून दर कसा काढायचा आणि राखेने भट्टीत काय होतं, ते या लेखात आहे.

उदाहरण म्हणून इचलकरंजीकडच्या कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये असतो तसा, ताशी तीन टन क्षमतेचा, हाताने इंधन टाकायचा कॉम्बी बॉयलर घेऊ. खाली पाण्याच्या नळ्यांची भट्टी, जाळीवर आग, आणि पुढे धूर नळ्यांतून जाऊन चिमणीकडे. दाब १० किलो, फीडवॉटर ६० अंश सेल्सिअस, दिवसाला १६ तास, तासाला सरासरी दोन टन वाफ, म्हणजे रोज ३२ टन. पेलेट आणि फ्लुइडाइज्ड बेड बॉयलरबद्दल शेवटाकडे थोडं सांगेन, कारण तिथे नियम जरा बदलतात.

ओलावा ब्रिकेटमध्ये येतो कुठून

आपल्याकडच्या बहुतेक ब्रिकेट पिस्टन प्रेसवर होतात. त्यात वेगळा डिंक किंवा चिकटवणारा पदार्थ घालत नाहीत. दाबामुळे आणि घर्षणाच्या उष्णतेमुळे काडीतलं लिग्निन मऊ पडतं आणि तेच गार होताना कण धरून ठेवतं. यासाठी कच्चा माल साधारण ८ ते १२ टक्के ओला असावा लागतो. त्याहून जास्त ओला असेल तर डायमध्ये वाफ होते, ती बाहेर पडताना ब्रिकेटला आडव्या भेगा पाडते आणि हातात घेतली की तिच्या चकत्या पडतात. म्हणजे चांगली घट्ट, चकाकत्या अंगाची ब्रिकेट प्रेसमधून निघाली तेव्हा कोरडीच होती, असं समजायला हरकत नाही.

मग ट्रकमध्ये १६ टक्के ओलावा का सापडतो? एक तर माल नीट वाळवलेला नव्हता. अशा मालाच्या ब्रिकेट खडबडीत, भेगाळलेल्या असतात आणि ट्रकच्या तळाशी चुरा बराच निघतो. किंवा माल चांगला होता, पण उघड्यावर पडला, पावसात आला, ताडपत्री फाटकी होती, किंवा काट्यावर जाण्याआधी कोणीतरी पाणी मारलं. अशा ब्रिकेट बाहेरून फुगलेल्या, मऊ आणि काळपट दिसतात, पण मोडल्या तर आत घट्ट आणि फिकट असतात. हा फरक पाहायला पाच सेकंद लागतात, आणि दोष कारखान्याचा की वाहतुकीचा हे लगेच कळतं.

पाण्याचं वजन किती फसवतं ते पाहा. ८ टक्के ओलाव्याचा दहा टन माल म्हणजे ९.२ टन कोरडा माल. तोच माल भिजून १६ टक्क्यांवर गेला तर काट्यावर १०.९५ टन भरतो. साडेनऊशे किलो पाणी ब्रिकेटच्या भावाने विकत घेतलं, आणि वरून ते उकळून चिमणीतून सोडायचा खर्चही आपलाच.

राख दोन प्रकारची असते

काडीत जी राख असते ती तिची स्वतःची. पिकाने जमिनीतून ओढलेलं पोटॅशियम, कॅल्शियम, सिलिका. लाकडाच्या भुशात ती एक-दोन टक्के असते. भुईमुगाची टरफलं, तुराट्या, पऱ्हाटी, सोयाबीन यांत साधारण तीन ते सात टक्क्यांच्या पट्ट्यात. उसाच्या पाचटात त्याहून जास्त. भाताच्या तुसात मात्र १६ ते २२ टक्के, आणि त्यातली जवळजवळ सगळी सिलिका.

दुसरी राख म्हणजे माती. विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाटी मुळासकट उपटतात. जमीन ओली असताना उपटली तर काळी चिकणमाती मुळाला ढेकळासारखी धरून राहते, आणि झटकली नाही तर चिपरमधून थेट प्रेसमध्ये जाते. सोयाबीनचं कुटार खळ्यावरून फावड्याने भरताना खालची माती येतेच. याशिवाय वजन वाढवायला मुद्दाम मिसळलेली माती किंवा दगडाची भुकटी हाही प्रकार आहे. सोयाबीनच्या ब्रिकेटची राख १४ टक्के आली तर तिच्यातली निम्म्याहून जास्त बहुधा शेतातली माती आहे, पिकाची नव्हे.

हा फरक नुसत्या टक्केवारीपेक्षा महत्त्वाचा आहे, कारण क्लिंकर, म्हणजे राख वितळून जाळीवर बसणारी लादी, होतं ते मिश्रणामुळे. सिलिका एकटी फार उंच तापमानापर्यंत वितळत नाही. म्हणूनच तुसाची १८ टक्के राख ढिगाने पडली तरी ती बहुतेक वेळा भुरभुरीत राहते. ती त्रास देते तो वेगळा: नळ्या घासते, धूर चिमणीकडे ओढणाऱ्या आयडी फॅनची पाती झिजवते आणि उडून शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. पण सिलिका आणि पोटॅशियम एकत्र आले की काच होते, आणि ती काच साडेसातशे-आठशे अंशांच्या पुढे मऊ पडायला लागते. जाळीवरच्या आगीचा गाभा त्याहून बराच गरम असतो. म्हणजे सोयाबीन किंवा पाचटातलं पोटॅशियम आणि त्यात मिसळलेली शेतातली माती ही जोडी तुसापेक्षा कमी राख देऊनही जाळी बंद करते. माझ्या मते ब्रिकेट खरेदीत सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. सगळे जण राखेचा आकडा विचारतात, ती कशाची आहे हे कोणी विचारत नाही.

पहिली पायरी: नमुना

तपासणी कितीही नीट केली तरी नमुना चुकीचा असेल तर सगळं वाया. ट्रकच्या मागच्या फळक्याजवळून चार ब्रिकेट उचलणं म्हणजे नमुना नव्हे. तो भाग विकणाऱ्याने शेवटी भरलेला असतो, आणि चांगला माल कुठे दिसायला हवा हे त्याला आपल्यापेक्षा नीट कळतं.

ट्रक रिकामा होत असताना नमुना घ्या. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, वरून आणि तळातून, आठ-दहा ठिकाणांहून प्रत्येकी सुमारे एक किलो. त्यात चुराही त्याच प्रमाणात येऊ द्या. चुरा टाळून फक्त अखंड ब्रिकेट घेतल्या तर राख कमी दिसते, कारण माती चुऱ्यातच जमते. सगळं स्वच्छ प्लास्टिकवर ओतून हातोडीने सुपारीएवढे तुकडे करा, नीट मिसळा, गोल ढीग करून सपाट करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग ठेवून बाकीचे काढून टाका. असं करत करत किलोभर उरेपर्यंत या. हे सावलीत आणि पटकन करायचं. उन्हात अर्धा तास गेला तर ओलावा उडून जातो आणि विकणाऱ्याचा फायदा होतो.

या किलोचे दोन भाग करून जाड पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. एक आपल्याकडे तपासायला, दुसरा सही-शिक्क्यासह राखून ठेवायला. वाद झाला तर हाच दुसरा भाग प्रयोगशाळेत जातो. ड्रायव्हरसमोर हे सगळं केलं तर पुढच्या खेपेपासून मालात फरक पडतो, हेही खरं.

दुसरी पायरी: ओलावा मोजणं

लागतं ते एवढंच: थर्मोस्टॅट असलेला छोटा हॉट एअर ओव्हन, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा आणि स्टीलची पसरट ताटली. तुकडे आणखी बारीक करून १०० ग्रॅम घ्या, १०५ अंशांवर ठेवा. दोनेक तासांनी वजन करा, पुन्हा अर्धा तास ठेवा, पुन्हा वजन करा. दोन वजनं सारखी आली की थांबा. १०० ग्रॅमचे ८४ उरले तर ओलावा १६ टक्के. अखंड ब्रिकेट ओव्हनमध्ये ठेवू नका. बाहेरून वाळते, आतलं पाणी तासन्‌तास निघत नाही, आणि आकडा खोटा कमी येतो.

लाकडासाठीचे दोन सुया टोचायचे मीटर बाजारात मिळतात. ब्रिकेटची घनता, मीठ आणि माती यामुळे त्यांचा आकडा भरकटतो. शिवाय असे मीटर बहुधा कोरड्या वजनावर ओलावा दाखवतात. आपल्या हिशोबातला १६ टक्के ओलावा तिथे १९ दिसेल, कारण १६ भाग पाणी ८४ भाग कोरड्या मालाच्या मानाने मोजलं जातं. एका ट्रकची दुसऱ्या ट्रकशी झटपट तुलना करायला मीटर ठीक आहे, पैसे कापायला नाही.

तिसरी पायरी: राख, आणि बादलीची चाचणी

राख खऱ्या अर्थाने मफल फर्नेसमध्येच मोजली जाते. इथे एक खाच आहे. कोळशाची राख आपल्या आयएस १३५० नुसार ८१५ अंशांवर काढतात. काडीकचऱ्याच्या इंधनासाठी ५५० अंश धरतात, कारण जास्त तापमानाला पोटॅशियमचे क्षार काही प्रमाणात उडून जातात आणि कार्बोनेट फुटतात. कोळशाची सवय असलेल्या प्रयोगशाळेने ८१५ वर राख काढली तर आकडा थोडा कमी येईल. दोन प्रयोगशाळांची भांडणं अनेकदा एवढ्यावरच असतात. म्हणून नमुना देतानाच तापमान लिहून द्या.

दर ट्रकला प्रयोगशाळा परवडत नाही. त्यासाठी बादली वापरायची. नमुन्यातले अर्धा किलो तुकडे बादलीभर पाण्यात टाका. डिंक नसल्यामुळे ब्रिकेट थोड्याच वेळात फुगून सुटी होते. काठीने नीट ढवळा, क्षणभर थांबा आणि भुसा असलेलं वरचं पाणी बारीक जाळीतून हळूहळू ओता. पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणं, पुन्हा ओतणं. चार-पाच वेळा केल्यावर तळाला जे उरतं ते वाळू, खडे आणि जड माती. ते वाळवून वजन करा. अर्ध्या किलोत ३० ग्रॅम निघाले तर सहा टक्के वाळू-माती आपण ब्रिकेटच्या भावाने घेतली आहे.

या चाचणीची मर्यादा लक्षात ठेवा. काळी चिकणमाती इतकी बारीक असते की ती पाण्याबरोबर ओतली जाते, तळाला येत नाही. म्हणून पहिल्या पाण्याचा रंग पाहा. काडीचा रंग चहासारखा पारदर्शक तपकिरी उतरतो. पाणी गढूळ, राखाडी आणि अपारदर्शक झालं तर तळाला काही नसलं तरी माती आहे. पिकाची स्वतःची राख या चाचणीत दिसत नाही, पण ती त्या पिकासाठी फारशी बदलत नाही. बदलते ती माती, आणि तीच पकडायची आहे.

चौथी पायरी: दोन ट्रकांचा हिशोब

आता खरा सौदा. अ विक्रेता ७.२० रुपये किलो सांगतो. त्याच्या मालात ओलावा ८ आणि राख ५ टक्के. ब विक्रेता ६.६० सांगतो. त्याच्यात ओलावा १६, राख १४ टक्के. दर हिशोबापुरते धरले आहेत, तुमच्या भागातले घाला.

पाणी आणि राख काढून उरलेल्या जळणाऱ्या भागाची उष्णता वेगवेगळ्या काडीकचऱ्यांत फारशी वेगळी नसते. किलोला ४,५०० किलोकॅलरी धरली तरी रोजच्या हिशोबाला चालते. अ मध्ये जळणारा भाग ८७ टक्के, म्हणून एकूण उष्णता ३,९१५. ब मध्ये ७० टक्के, म्हणून ३,१५०.

ही एकूण उष्णता पूर्ण मिळत नाही. काडीतला हायड्रोजन जळून पाणी होतं, आणि ते पाणी व मुळातला ओलावा दोन्ही वाफ होऊन चिमणीतून जातात. किलोभर पाण्याची वाफ करायला सुमारे ५८५ किलोकॅलरी लागतात. ते वजा केलं की अ मध्ये हाती उरतात साधारण ३,५९० आणि ब मध्ये २,८४०.

इथे एक गंमत आहे. जास्तीचे आठ टक्के पाणी उकळायला फक्त ४७ किलोकॅलरी गेल्या. सगळे जण 'ओल्या इंधनात पाणी उकळण्यात उष्णता जाते' म्हणतात, पण मोठा तोटा तो नाही. मोठा तोटा हा की त्या आठ टक्क्यांच्या जागी जळणारी काडी असायला हवी होती, आणि तिचे ३६० किलोकॅलरी आले असते.

आता वाफ. १० किलो दाबाची वाफ ६० अंशांच्या पाण्यापासून करायला किलोला सुमारे ६०४ किलोकॅलरी लागतात. कोरड्या मालावर बॉयलर नीट चालला तर कार्यक्षमता ७८ टक्के धरू. ओल्या, जास्त राखेच्या मालावर आग थंड राहते, जास्त हवा द्यावी लागते आणि राखेत कोळसा जातो, म्हणून ७४ धरू. मग अ च्या एका किलोमागे ४.६४ किलो वाफ मिळते, ब च्या एका किलोमागे ३.४७.

रोजच्या ३२ टन वाफेला अ चा ६.९ टन माल लागेल, खर्च सुमारे ४९,६५० रुपये. ब चा ९.२ टन, खर्च सुमारे ६०,८५०. साठ पैसे स्वस्त घेऊन रोज अकरा हजार रुपये जास्त गेले. आणि राख? अ मध्ये दिवसाला साडेतीनशे किलो, ब मध्ये जवळपास तेराशे किलो. ती उपसायला माणूस, उचलायला ट्रॅक्टर, आणि जाळी साफ करताना पडलेला दाब वेगळाच.

यातून खरेदीचा सोपा नियम निघतो. ठरलेला दर ८७ टक्के जळणाऱ्या भागासाठी आहे असं करारात लिहा, आणि प्रत्येक ट्रकचा दर असा काढा:

दर = ठरलेला दर × (१०० − ओलावा − राख) ÷ ८७

ब चा दर यानुसार ५.७९ येतो. हाती उरणाऱ्या उष्णतेवर बारीक हिशोब केला तर तो ५.७० येईल, पण गेटवर भांडण मिटवायला पहिलं सूत्र पुरेसं आहे, आणि विकणाऱ्यालाही ते समजतं. याशिवाय एक वरची मर्यादा घाला: समजा ओलावा १४ च्या वर किंवा राख १० च्या वर गेली तर ट्रक परत. कारण त्यापुढे कमी भावातही तो माल नकोच असतो. क्लिंकर सवलतीत मिळत नाही.

कागदावरच्या उष्मांकाचा घोळ

विकणारा बहुतेक वेळा प्रयोगशाळेचा रिपोर्ट दाखवतो. त्यात उष्मांक कोणत्या आधारावर दिला आहे ते आधी बघा. जसा माल आला तशा मालावर, हवेत वाळवलेल्या नमुन्यावर, की पूर्ण कोरड्या नमुन्यावर? वरच्या ब मालाचा पूर्ण कोरड्या आधारावर उष्मांक ३,७५० येतो आणि अ चा ४,२५५. फरक बारा टक्क्यांचा वाटतो. प्रत्यक्ष ट्रकमध्ये मात्र ३,१५० विरुद्ध ३,९१५, म्हणजे फरक वीस टक्क्यांच्या जवळ. रिपोर्ट खोटा नाही. फक्त ट्रकमधलं पाणी त्यात नाही.

राखेचंही तसंच. कोरड्या आधारावर १६.७ टक्के लिहिली असेल तर १६ टक्के ओल्या मालात ती १४ टक्के होते. वरच्या सूत्रात दोन्ही आकडे 'आलेल्या मालावर' असायला हवेत, नाहीतर एक कोरडा आणि एक ओला आकडा मिसळून दर चुकेल. खरेदीच्या ऑर्डरवर एक ओळ टाका: सर्व आकडे ट्रकमध्ये मिळालेल्या मालाच्या वजनावर.

साठवण

ब्रिकेटला पाणी सहन होत नाही. बादलीत तिचं जे होतं तेच पावसात होतं. पत्र्याची शेड, जमिनीपासून वीतभर उंच चौथरा किंवा लाकडी पॅलेट, भिंतीपासून हात-दीड हात मोकळी जागा. पावसाळ्याआधी साठा करायचा असेल तर मे अखेरपर्यंत आत घ्या. पावसाळ्यात कच्चा माल वाळवणं अवघड असल्यामुळे दर्जाही घसरतो आणि भावही चढतो. आधी आलेला माल आधी काढा. बॉयलरसमोर एका शिफ्टपुरताच माल ठेवा. फायरडोअरमधून उडालेला एक निखारा चुऱ्याच्या ढिगात पडला तर तो आत धुमसत राहतो आणि तासाभराने दिसतो.

भट्टीत

ब्रिकेट कोळशासारखी जाळायची नाही. तिच्या जळणाऱ्या भागातला बराच मोठा हिस्सा वायू होऊन सुटतो आणि आगीच्या वर, मोकळ्या जागेत जळतो. म्हणून जाळीखालची हवा कमी आणि वरची दुय्यम हवा जास्त लागते. एकदम दहा घमेली टाकून दार लावलं तर वायूचा लोट सुटतो, हवा कमी पडते आणि चिमणीतून काळा धूर जातो. दोन-तीन घमेली, पातळ आणि सारखा थर, थोड्या-थोड्या वेळाने. फायरडोअर उघडताना आयडी फॅन चालू आणि भट्टीत ओढ आहे याची खात्री हवी. बारीक चुरा फावड्याने आगीवर भिरकावू नका. तो एकदम पेटतो आणि ज्वाला दारातून बाहेर येते.

क्लिंकरची चाहूल आधी लागते. जाळीवर काही ठिकाणी काळे पट्टे दिसतात, तिथून हवा येत नाही. शेजारी पांढरे-पिवळे, अति प्रखर ठिपके, कारण सगळी हवा तिथूनच घुसते. जाळीखाली हवा देणाऱ्या एफडी फॅनच्या हवेचा दाब वाढतो आणि वाफेचा दाब पडतो. ही वेळ असते तेव्हा फायरमनचा पहिला हात सळईकडे जातो आणि तो आग खालपासून वर ढवळतो. हेच करायचं नसतं. जाळीला चिकटून असलेली राख खालून येणाऱ्या हवेमुळे गार असते. ती उचकटून आगीच्या गाभ्यात गेली की वितळते आणि पाच मिनिटांत लोखंडासारखी लादी होते. सळई खालून जाळीच्या फटीतून फिरवून राख खाली पाडा, वरचा थर हलवू नका. थर पातळ करा, एक बाजू जळू देऊन दुसरी बाजू साफ करा. शक्य असेल तर कमी राखेचा माल, लाकडाचा भुसा किंवा टरफलांच्या ब्रिकेट, अर्ध्याने मिसळा. प्रत्येक शिफ्टला जाळी पूर्ण साफ झालीच पाहिजे.

नळ्यांतली राख चिमणीच्या तापमानावरून कळते. नळ्या नुकत्या साफ केल्यावर, ठरावीक भारावर तापमान किती आहे ते लिहून ठेवा. समजा २०० अंश. तोच भार असताना ते २४० वर गेलं तर राखेने नळ्या झाकल्या आहेत, ब्रशिंगची वेळ झाली. दिवस मोजून ब्रशिंग करण्यापेक्षा हे बरं, कारण माल बदलला की राख जमायचा वेगही बदलतो.

बाहेर पडणाऱ्या राखेचा रंगही पाहा. करडी किंवा पांढरट असेल तर ठीक. काळी असेल आणि बोटाला कोळसा लागत असेल तर इंधन न जळता जातंय. बहुतेक वेळा चुरा जास्त असतो किंवा जाळी बंद झालेली असते. गरम राख ब्रिकेटच्या शेडजवळ टाकू नका, पाणी मारून गार करा, पण मारताना दूर उभे राहा. वाफेचा फुत्कार चेहऱ्यावर येतो.

पेलेट आणि फ्लुइडाइज्ड बेड

पेलेट सहा ते दहा मिलिमीटर जाडीच्या. स्क्रू फीडरने आपोआप जातात, आग सारखी राहते, मजूर कमी लागतो, भाव मात्र जास्त. हिशोबाचं सूत्र तेच. फरक इतकाच की सहनशक्ती कमी. ओल लागलेल्या पेलेट फुगून स्क्रूमध्ये अडकतात, आणि बर्नरच्या छोट्या पात्रात थोडं क्लिंकर झालं तरी ज्वाला विझते. तिथे राखेची मर्यादा ब्रिकेटपेक्षा कडक ठेवा आणि चुऱ्याचं प्रमाण करारातच लिहा.

फ्लुइडाइज्ड बेडमध्ये वाळूचा थर ८०० ते ९०० अंशांवर उकळत असतो. तिथे तुसाची भरपूर राख चालून जाते. पण पोटॅशियमवाला माल वाळूच्या कणांवर काचेचा लेप चढवतो, कण एकमेकांना चिकटतात आणि बेड बसतो. बेडच्या वेगवेगळ्या थर्मोकपलमधला फरक वाढत चालला तर ती सुरुवात समजा. बेडची वाळू नेहमीपेक्षा लवकर काढून नवीन घाला आणि सोयाबीन-पाचटाचं प्रमाण खाली आणा.

रोजची वही

फीडवॉटरच्या मीटरवरचं रोजचं पाणी घ्या, त्यातून ब्लोडाऊनचा, म्हणजे बॉयलरमधून काढून टाकलेल्या पाण्याचा, अंदाज वजा करा, ही झाली वाफ. तिला त्या दिवशी जाळलेल्या ब्रिकेटच्या किलोने भागा. अ मालावर साडेचारच्या वर आकडा हवा. शेजारच्या रकान्यात ट्रकचा नंबर, ओलावा, राख किंवा बादलीतली माती, आणि त्या दिवशी जाळी किती वेळा साफ करावी लागली. विक्रेता बदलला की पहिले काही दिवस जुना माल संपवून फक्त नवाच जाळा, म्हणजे आकडा कोणाचा हे कळेल. आणि आकडा चार दिवसांत साडेचारवरून साडेतीनला आला तर आधी ट्रकच्या राखून ठेवलेल्या पिशव्या उघडा, बॉयलर नंतर.